चार विरुद्ध चौदा: दोन गटांतला फरक खरा आहे हे कोष्टकावरून कसं ओळखायचं

प्रबंधाचा डेटा घेऊन येणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. लॅपटॉप उघडायच्या आधीच विचारतात, "मॅडम, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आलीये, म्हणजे फरक आहे ना?" मी म्हणते, आधी कोष्टक दाखव. बऱ्याचदा ते त्यांनी नीट पाहिलेलंच नसतं. सॉफ्टवेअरनं काढून दिलेलं असतं, त्याखाली काय-स्क्वेअरचा आकडा असतो, आणि नजर थेट त्या आकड्यावर गेलेली असते.

अशा वेळी मी एक जुनं कोष्टक काढते. त्यात चारच आकडे आहेत, कागदावर हातानं गणित करता येतं, आणि त्याची पुढची कहाणी अशी आहे की 'फरक आहे' या दोन शब्दांचा अर्थ त्यातून बराच उलगडतो.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध नवंकोरं होतं. अमेरिकेत ते १९४३ मध्ये सापडलं होतं आणि ब्रिटनच्या वाट्याला अगदी थोडं आलं होतं. सगळ्यांना पुरणार नाही, तर निदान ज्यांना द्यायचं ते अशा पद्धतीनं देऊ की औषधाचा गुण कळेल, असं तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं ठरवलं. दोन्ही फुप्फुसं वेगानं खराब होत चाललेले १०७ तरुण रुग्ण निवडले. कुणाला औषध द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवलं नाही. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं यादृच्छिक आकड्यांवरून गट आधीच ठरवून ते बंद पाकिटांत घालून ठेवले. रुग्ण दाखल झाला की त्याच्या क्रमांकाचं पाकीट फोडायचं आणि आतली चिठ्ठी सांगेल तसं करायचं. ५५ जणांना विश्रांती आणि रोज दोन ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन चार महिने मिळालं. ५२ जणांना नुसती अंथरुणावरची विश्रांती मिळाली, कारण त्या काळी अशा रुग्णांसाठी तोच उपचार होता. निष्कर्ष १९४८ मध्ये छापून आले. सहा महिन्यांनंतरचा हिशोब असा:

| | मृत्यू | जिवंत | एकूण |
|---|---|---|---|
| स्ट्रेप्टोमायसिन | ४ | ५१ | ५५ |
| नुसती विश्रांती | १४ | ३८ | ५२ |
| एकूण | १८ | ८९ | १०७ |

यालाच क्रॉसटॅब म्हणतात. प्रत्येक माणसाबद्दल आपल्याला दोन गोष्टी माहीत आहेत: तो कोणत्या गटातला, आणि त्याचं पुढे काय झालं. त्या दोन उत्तरांच्या जोडीवरून त्याला चारपैकी एका घरात बसवायचं. एक माणूस एकाच घरात आणि एकदाच. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण दोन्ही डोळ्यांची तपासणी केली म्हणून एकाच रुग्णाला दोनदा मोजलेली कोष्टकं मी पाहिली आहेत. तिथे पुढचं सगळं गणित वाया जातं.

आता वाचायचं कसं? ४ आणि १४ शेजारी ठेवून उपयोग नाही, कारण गट सारखे नाहीत. टक्के काढायचे. पण टक्के कशाचे? इथे निम्म्या लोकांची गाडी चुकते. प्रश्न 'औषध घेतलेल्यांपैकी किती दगावले' असा असेल, तर औषध घेतलेल्यांची बेरीज म्हणजे १००, म्हणून या कोष्टकात टक्के ओळीनुसार निघतील. ५५ पैकी ४ म्हणजे ७.३ टक्के, ५२ पैकी १४ म्हणजे २६.९ टक्के. ज्या गोष्टीचा परिणाम शोधायचा आहे, तिचे गट हे शंभर धरायचे आणि परिणामाच्या घरांची तुलना करायची.

उलट्या बाजूनं टक्के काढले तर काय होतं ते पाहा. समजा औषध मुबलक होतं आणि ते चौपट लोकांना, २२० जणांना दिलं. मृत्यूचं प्रमाण तेच राहिलं, तर त्यातले १६ दगावले असते. विश्रांतीच्या गटात ५२ पैकी १४ आहेतच. म्हणजे एकूण ३० मृत्यू. आता रकान्यानुसार टक्के काढणारा म्हणेल, "दगावलेल्यांपैकी ५३ टक्क्यांनी औषध घेतलं होतं!" वाक्य खरं आहे. ते पेपरात मथळा म्हणून आलं तर लोक औषधाला हात लावणार नाहीत. आणि औषध मात्र मृत्यूचं प्रमाण पाऊण हिश्शानं कमी करतंय. म्हणून कोष्टक हातात आलं की पहिल्यांदा शंभर कोणत्या दिशेनं भरतात ते बघायचं. बाकीचं नंतर.

तर ७ टक्के आणि २७ टक्के. डोळ्यांना फरक मोठा दिसतो. पण शंका घेणारा म्हणेल, पाकिटं नशिबानंच वाटली होती ना? मग ज्यांची प्रकृती मुळात बरी होती असे रुग्ण योगायोगानं औषधाच्या गटात जास्त गेले असतील. औषध म्हणजे पाणीच असेल आणि ते १८ जण औषध दिलं काय, न दिलं काय, दगावणारच असतील. त्यांतले चार इकडे आणि चौदा तिकडे, एवढंच झालं असेल. ही शंका बिनबुडाची नाही. तिला उत्तर द्यायचं तर असं पाहावं लागेल की निव्वळ योगायोगानं वाटणी केली, तर ती एवढी एकांगी कितीदा होते.

वर्गात मी त्यासाठी चिंचोके वापरते. कापडी पिशवीत १०७ चिंचोके, त्यांतल्या १८ वर चुन्याचा ठिपका. न बघता ५५ काढायचे आणि ठिपकेवाले मोजायचे. कुणाला नऊ मिळतात, कुणाला दहा, आठ, अकरा. दहापैकी आठ वेळा उत्तर ७ ते ११ च्या दरम्यान येतं. एखाद्याला पाच मिळाले की बाकावर आरडाओरडा होतो. चार किंवा त्याहून कमी, नाहीतर दुसऱ्या टोकाला तितकेच एकांगी, असं शंभरात जेमतेम एकदा घडतं. तीस मुलांच्या वर्गात बहुधा कुणालाच मिळत नाही.

इथे ठिपक्यांची संख्या १८ च राहते आणि काढायचे चिंचोके ५५ च, हे लक्षात घ्या. औषधाचा काहीच परिणाम नाही असं धरलं की कोष्टकाच्या कडेच्या बेरजा तशाच राहतात आणि आतली चार घरं नशिबावर हलतात. 'काही परिणाम नाही' या गृहीतकाला शून्य परिकल्पना म्हणतात. काय-स्क्वेअर चाचणी म्हणजे हाच चिंचोक्यांचा खेळ, पण पिशवी न हलवता गणितानं खेळलेला.

पहिलं काम, योगायोगच असता तर प्रत्येक घरात साधारण किती माणसं असायला हवी होती ते काढणं. एकूण १०७ पैकी १८ दगावले. गटानं काही फरक पडत नसेल, तर ५५ जणांच्या गटातही त्याच प्रमाणात दगावतील: ५५ गुणिले १८ भागिले १०७, म्हणजे ९.२५. सगळ्या घरांसाठी हाच नियम: ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज, भागिले एकूण. बाकीची तीन घरं येतात ४५.७५, ८.७५ आणि ४३.२५. यांना अपेक्षित आकडे म्हणतात. नऊ पूर्णांक पंचवीस शतांश माणूस कुठे असतो, असं विचारू नका. ती सरासरी आहे.

दुसरं काम, प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतली तफावत. ४ आणि ९.२५ यांत ५.२५ चा फरक. चारही घरांत तेवढाच फरक येतो, कुठे अधिक, कुठे उणे. नुसती बेरीज केली तर शून्य होईल, म्हणून वर्ग करायचा: २७.६. मग हा वर्ग त्या घराच्या अपेक्षित आकड्यानं भागायचा. भागायचा का? नऊ अपेक्षित असताना पाचांची चूक पडणं ही मोठी गोष्ट आहे, पंचेचाळीस अपेक्षित असताना तेवढीच चूक किरकोळ. दहाच्या नोटेतून पाच रुपये हरवणं आणि पन्नासच्या नोटेतून हरवणं, तसं. चार घरांचे आकडे येतात २.९८, ०.६०, ३.१५ आणि ०.६४. बेरीज ७.३८.

हाच काय-स्क्वेअर. प्रत्यक्ष कोष्टक योगायोगाच्या कोष्टकापासून किती दूर आहे, त्याचं हे एकाच आकड्यातलं माप. दोन्ही तंतोतंत जुळले तर शून्य.

७.३८ हे जास्त की कमी, हे ठरवायला अजून एक गोष्ट लागते: कोष्टकातली किती घरं खरोखर मोकळी आहेत. कडेच्या बेरजा बांधलेल्या असल्या की आपल्या कोष्टकात तुम्ही एकच घर मनानं भरू शकता. पहिल्या घरात ४ लिहिलं की शेजारी ५१, खाली १४ आणि तिरपं ३८ आपोआप येतात. म्हणून इथे डिग्री ऑफ फ्रीडम एक. मोठ्या कोष्टकात ओळींतून एक वजा करायचा, रकान्यांतून एक वजा करायचा आणि गुणाकार करायचा.

हे आज शाळकरी वाटतं, पण ही चाचणी १९०० मध्ये मांडणाऱ्या कार्ल पिअर्सनलाच ते मान्य नव्हतं. चार घरांच्या कोष्टकाला तो तीन धरायचा. एकच बरोबर, हे रोनाल्ड फिशरनं १९२२ मध्ये दाखवलं आणि त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. आपल्या कोष्टकावर याचा काय परिणाम होतो तो बघण्यासारखा आहे. पाच टक्क्यांच्या पातळीला, म्हणजे निव्वळ योगायोगानं शंभरात पाचदाच ओलांडला जाईल असा, एका डिग्रीसाठी उंबरठा ३.८४ आहे, तीनसाठी ७.८१. म्हणजे पिअर्सनच्या हिशोबानं ७.३८ उंबरठ्याच्या आतच अडकला असता आणि स्ट्रेप्टोमायसिननं काही सिद्ध झालं नाही असं लिहावं लागलं असतं. बरोबर हिशोबानं ७.३८ हा ३.८४ च्या बराच पुढे जातो, एक टक्क्याचा उंबरठा ६.६३ आहे त्याच्याही पुढे. मूळ अहवालातही असा फरक योगायोगानं पडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी, असंच म्हटलं होतं.

संगणकावर करायचं तर R या सॉफ्टवेअरमध्ये एवढंच:

```
t <- matrix(c(4, 14, 51, 38), nrow = 2)
chisq.test(t, correct = FALSE)
chisq.test(t)$expected
```

उत्तर येतं 7.3761 आणि पी-व्हॅल्यू साधारण ०.००६६. तो `correct = FALSE` विसरलात तर वेगळंच उत्तर येईल: ६.०४ आणि ०.०१४. घाबरू नका. चार घरांच्या कोष्टकाला R आपणहून एक दुरुस्ती लावतो, फ्रँक येट्सनं १९३४ मध्ये सुचवलेली. प्रत्येक तफावतीतून अर्धा वजा करून ती चाचणीला थोडं सावध करते. इथे दोन्ही रस्त्यांनी निष्कर्ष तोच निघतो. जिथे एक उत्तर ०.०४ आणि दुसरं ०.०७ येतं, तिथे हवं ते उत्तर उचलण्याचा मोह होतो. कोणतं वापरायचं ते आकडे पाहण्याआधी ठरवा आणि जे वापरलं ते लिहा.

०.००६६ चा अर्थ नेमका सांगते, कारण तो तोंडी परीक्षेत हमखास चुकतो. औषधाचा काहीच परिणाम नसता, तर वाटणीच्या नशिबानं इतका किंवा याहून जास्त फरक हजारात साधारण सात वेळा दिसला असता. एवढंच. 'औषध निरुपयोगी असण्याची शक्यता ०.६६ टक्के' असा त्याचा अर्थ नाही. गृहीतक खरं धरून आकड्यांकडे पाहणं आणि आकडे पाहून गृहीतकाकडे पाहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाऊस पडला की रस्ता ओला असतोच, पण ओला रस्ता म्हणजे पाऊसच असं नाही, टँकरही गेलेला असेल.

आता दोन चुका, कारण जवळजवळ दर वर्षी कुणीतरी त्या करून आणतं. पहिली म्हणजे चाचणीला माणसांऐवजी टक्के खाऊ घालणं. ७.३, ९२.७, २६.९, ७३.१ हे आकडे चार घरांत टाकले तर काय-स्क्वेअर १३.५५ येतो. ७.३८ चे एकदम १३.५५! कारण चाचणीला वाटलं दोनशे माणसं आहेत. मुलं खूश होतात, निकाल जोरदार आला म्हणून. घरांत नेहमी मोजलेली माणसं टाकायची, टक्के फक्त वाचण्यासाठी.

दुसरी चूक उलट दिशेची. कुणीतरी ऐकलेलं असतं की घरात पाचापेक्षा कमी आकडा असेल तर काय-स्क्वेअर चालत नाही. मग ते आपल्या कोष्टकातल्या ४ कडे बोट दाखवतात. पण तो नियम अपेक्षित आकड्यांचा आहे, प्रत्यक्ष आकड्यांचा नाही. त्या घरात ९.२५ अपेक्षित आहेत, म्हणजे अडचण नाही. प्रत्यक्षात चारच निघाले, हीच तर बातमी आहे! R च्या कोडमधली तिसरी ओळ म्हणूनच दिली आहे, ती अपेक्षित आकडे छापते. ते पाचाखाली गेले तर फिशरची एग्झॅक्ट टेस्ट करायची.

याच प्रयोगाचं मोठं कोष्टकही आहे. सहा महिन्यांनी रुग्णांचे एक्स-रे पाहून त्यांना सहा पायऱ्यांत बसवलं. कोण कोणत्या गटातला हे एक्स-रे वाचणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं.

| एक्स-रेवरून प्रकृती | स्ट्रेप्टोमायसिन | नुसती विश्रांती |
|---|---|---|
| बरीच सुधारणा | २८ | ४ |
| थोडी किंवा मध्यम सुधारणा | १० | १३ |
| जैसे थे | २ | ३ |
| थोडी किंवा मध्यम घसरण | ५ | १२ |
| बरीच घसरण | ६ | ६ |
| मृत्यू | ४ | १४ |
| एकूण | ५५ | ५२ |

इथे गट रकान्यांत आहेत, म्हणून टक्के रकान्यानुसार. सहा ओळी, दोन रकाने, म्हणजे डिग्री पाच आणि उंबरठा ११.०७. काय-स्क्वेअर येतो २६.९६. 'जैसे थे' या ओळीत अपेक्षित आकडे २.५७ आणि २.४३ आहेत, पाचाच्या खाली. पण बारापैकी दोनच घरं तशी असतील आणि एकही एकाच्या खाली नसेल तर चालतं, पाचात एक एवढी सूट सर्रास दिली जाते.

काय-स्क्वेअर २६.९६, फरक लक्षणीय, असं लिहून बहुतेक प्रबंध पुढच्या कोष्टकाकडे वळतात. खरं वाचन इथे सुरू व्हायला हवं. हा एकूण आकडा फक्त 'कुठेतरी काहीतरी जुळत नाही' एवढंच सांगतो. कुठे, ते ओळीओळीनं उघडून पाहावं लागतं. २६.९६ पैकी १६.७ एकट्या पहिल्या ओळीतून येतात आणि ६.१ शेवटच्या. म्हणजे औषधानं दोन टोकं हलवली: भरपूर बरे होणारे वाढले, मरणारे घटले. 'बरीच घसरण' मध्ये दोन्हीकडे सहा-सहाच आहेत, तिथून जवळजवळ शून्य येतं. अजून एक गोष्ट. या पायऱ्यांना क्रम आहे हे काय-स्क्वेअरला कळत नाही. ओळी पत्त्यांसारख्या पिसून टाकल्या तरी उत्तर २६.९६ च.

इथपर्यंत सगळं औषधाच्या बाजूनं आहे. आता तेच रुग्ण पाच वर्षांनी. हा पाठपुरावा १९५४ मध्ये छापून आला. तो करणाऱ्यांत वॉलेस फॉक्स होते, जे पुढे मद्रासला आले आणि क्षयाचा उपचार घरी राहूनही होतो हे तिथल्या गाजलेल्या प्रयोगात दाखवून दिलं.

| | मृत्यू | जिवंत | एकूण |
|---|---|---|---|
| स्ट्रेप्टोमायसिन | ३२ | २३ | ५५ |
| नुसती विश्रांती | ३५ | १७ | ५२ |
| एकूण | ६७ | ४० | १०७ |

५८ टक्के आणि ६७ टक्के. काय-स्क्वेअर ०.९५, म्हणजे ३.८४ च्या कितीतरी अलीकडे. पी-व्हॅल्यू ०.३३. चिंचोक्यांच्या भाषेत सांगायचं तर एवढी एकांगी वाटणी दर तिसऱ्या मुलाच्या हाती येईल.

वर्गात इथे गप्प बसून मी मुलांना बोलू देते. एक गट म्हणतो, पहिलं कोष्टक खोटं होतं, योगायोगच होता. दुसरा म्हणतो, दुसऱ्यानं सिद्ध झालं की औषधाचा उपयोग नाही. दोघंही चुकतात, आणि दुसऱ्याची चूक जास्त रोजची आहे.

पहिलं कोष्टक खरंच होतं. सहा महिन्यांच्या प्रश्नाचं ते सहा महिन्यांचं उत्तर होतं. मधल्या काळात काय झालं तेही माहीत आहे: औषध चालू असतानाच बऱ्याच रुग्णांच्या थुंकीतले जंतू त्याला दाद देईनासे झाले. औषधानं कमकुवत जंतू मारले, चिवट उरले आणि तेच वाढले. मूळ अहवालातच या प्रतिकाराची नोंद होती. मग पास नावाचं दुसरं औषध जोडीला दिलं तर हा प्रतिकार बराच रोखता येतो, हे पुढच्या प्रयोगात दिसलं, आणि क्षयाला एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायची प्रथा पडली. आजही टीबीच्या रुग्णाला गोळ्यांची मूठ मिळते, तिचं एक मूळ इथे आहे. यातलं काहीही काय-स्क्वेअर सांगत नाही. फरक आहे का एवढंच तो सांगतो, का पडला ते नाही. औषधामुळेच पडला असं आपण पहिल्या कोष्टकाबद्दल म्हणू शकतो ते बंद पाकिटांमुळे. एखाद्या सर्वेक्षणात, जिथे लोक आपापल्या मर्जीनं गटांत पडलेले असतात, तेच ७.३८ आलं असतं तर तसं म्हणता आलं नसतं.

आणि दुसऱ्या कोष्टकानं औषध निरुपयोगी ठरलं का? एक साधा खेळ करा. प्रत्येक घरातल्या आकड्यापुढे एक शून्य लिहा: ३२० मृत्यू आणि २३० जिवंत, ३५० आणि १७०. टक्के तेच, ५८ आणि ६७. काय-स्क्वेअर होतो ९.५, म्हणजे एक टक्क्याच्या उंबरठ्याच्याही पलीकडे. माणसं दहापट की काय-स्क्वेअर दहापट. म्हणजे तोच फरक १०७ जणांत 'लक्षणीय नाही' आणि १०७० जणांत 'लक्षणीय'. ०.३३ नं एवढंच कळलं की १०७ माणसांत नऊ टक्क्यांचा फरक योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. फरक नाही, असं त्यातून निघत नाही. तेच उलट बाजूनं: लाखभर लोकांच्या सर्वेक्षणात एका टक्क्याचा फरकही सहज लक्षणीय येतो, आणि तो कुणाच्या आयुष्यात तसूभर बदल करत नसेलही.

म्हणून काय-स्क्वेअरच्या शेजारी फरक स्वतः लिहायचा आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो तेही. त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. सहा महिन्यांना दोन गटांत १९.७ टक्के-बिंदूंचं अंतर आहे आणि ९५ टक्क्यांचा इंटरव्हल साधारण ६ ते ३३. खालचं टोक घेतलं तरी शंभरात सहा जीव. पाच वर्षांना अंतर ९.१ आहे आणि इंटरव्हल उणे ९ ते २७. म्हणजे औषधानं शंभरात सत्तावीस वाचवले असंही या आकड्यांत बसतं, आणि नऊ जास्त गमावले असंही बसतं. 'लक्षणीय नाही' या शब्दांमागे किती अंधार आहे, ते हा पल्ला दाखवतो.

प्रबंधात पहिल्या कोष्टकाखाली मी मुलांकडून असं लिहून घेते: 'सहा महिन्यांअखेर स्ट्रेप्टोमायसिन गटातले ५५ पैकी ४ (७.३%) आणि विश्रांती गटातले ५२ पैकी १४ (२६.९%) रुग्ण दगावले. फरक १९.७ टक्के-बिंदू, ९५% इंटरव्हल ५.८ ते ३३.५, काय-स्क्वेअर ७.३८, डिग्री १, पी ०.००७, येट्सची दुरुस्ती न लावता.' दुसऱ्याखाली: 'पाच वर्षांअखेर ५५ पैकी ३२ (५८.२%) आणि ५२ पैकी ३५ (६७.३%) दगावले. फरक ९.१ टक्के-बिंदू, इंटरव्हल उणे ९.१ ते २७.४, काय-स्क्वेअर ०.९५, डिग्री १, पी ०.३३. एवढ्या रुग्णसंख्येवरून फरक आहे किंवा नाही, यांपैकी काहीच म्हणता येत नाही.' शेवटचं वाक्य मुलं खोडतात. गाइडला आवडणार नाही म्हणतात. मी ते परत लिहायला लावते.